पंधराव्या आयोगाचा पैसा खात्यात आहे, पण साकव बांधता येत नाही. टाइड-अनटाइडचं नेमकं काय?

डोंगरवाट | 4 नोव्हेंबर, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. अकरा वाड्या, लोकसंख्या 3,800 च्या आसपास, आम्ही दहा सदस्य.

दोन वाड्यांच्या मधून ओढा जातो. गावकरी दरवर्षी मेअखेरीस ओंडके आणि बांबू टाकून साकव घालतात आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून जातो. मग सप्टेंबरपर्यंत पोरांना शाळेसाठी लांबचा वळसा. यंदा एका म्हाताऱ्या बाईला खुर्चीला बांबू बांधून पलीकडे आणावं लागलं. मी निवडणुकीत एकच शब्द दिला होता, पक्का साकव.

परवा क्रिया योजनेची बैठक झाली. पिडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, कॉम्प्युटरवर दाखवलं, पंधराव्या वित्त आयोगाचे वर्षाचे साधारण 20 लाख. त्यातले 12 लाख टाइड, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून खर्चता येत नाहीत. उरलेले 8 अनटाइड, पण ते "आधीच वाटून झालेत". साकव कुठल्याच रकान्यात बसेना.

माझे दोन प्रश्न. एक, हे खरं आहे का? दुसरा, आमच्या एका वाडीत झऱ्याचं पाणी बारमाही येतं. तिथेही जलजीवनमधून बोअर मारली, टाकी बांधली, घरोघर नळ दिले. ते नको, झऱ्यावरच पाइप टाकून द्या, असं आम्ही म्हणालो होतो. ग्रामसभेचं कुणी ऐकलंच नाही. मग ग्रामपंचायत ठरवते तरी काय?

चंदगडकर | 4 नोव्हेंबर, रात्री 9:50

ताई, आमच्याकडे महाराष्ट्रातही हेच आहे. आयोग एकच, नियम एकच. 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. अबंधितमधून पगार आणि ऑफिसचा खर्च सोडून काहीही करा, कुणी अडवू शकत नाही. 8 लाखांत साकव घ्या, ठराव करा, विषय संपला.

जलजीवनचं मात्र तुमच्या हातात काहीच नव्हतं. बोअर मारा, टाकी बांधा, मीटर लावा असा दिल्लीचाच नियम आहे. तिथे ग्रामसभा नावालाच असते.

तात्या_खानापूर | 5 नोव्हेंबर, सकाळी 7:05

मी पंचायतीत सेक्रेटरी म्हणून नोकरी सुरू केली आणि तालुका पंचायतीतून निवृत्त झालो. बेळगाव, हुक्केरी, खानापूर तिन्हीकडे काम केलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

चंदगडकरांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. 2021-22 पासून 30 टक्के पाण्याला, 30 टक्के स्वच्छतेला आणि 40 टक्के मोकळे. पाण्यात पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर येतो. स्वच्छतेत हागणदारीमुक्ती टिकवणं आणि कचरा-सांडपाणी. साकव यातल्या कशातच येत नाही. म्हणजे पिडीओ खोटं सांगत नाहीत.

पण "8 लाख आहेत, ठराव करा" एवढं ते सोपं नाही. ताईंच्या पंचायतीचाच हिशेब मांडूया.

8 लाखांतून राज्याच्या मार्गसूचीप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचा आणि दिव्यांगांचा वाटा आधी बाजूला ठेवावा लागतो. त्याला माझा अजिबात विरोध नाही, तो वाटा राखून ठेवला नाही तर त्या वस्त्यांना काही मिळत नाही, हे मी बघितलंय. उरतात साडेपाच लाखांच्या आसपास. आता सदस्य दहा. आपल्याकडे साधारण 400 लोकसंख्येला एक सदस्य असतो आणि प्रत्येकाला आपल्या वॉर्डात काहीतरी दाखवायचं असतं. वाटणी होते, प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास-पंचावन्न हजार. एवढ्यात काय होतं? पन्नास फूट काँक्रीट, दोन-चार एलईडी, गटाराचा तुकडा. "आधीच वाटून झालेत" म्हणतात ते हेच. ही वाटणी कुठल्याही नियमात लिहिलेली नाही, सदस्यांनी आपसात केलेली आहे. म्हणजे ताई, अनटाइडमधून साकव होऊ शकतो, पण त्यासाठी बाकीच्या नऊ जणांनी एक वर्ष आपापला तुकडा सोडायला हवा.

आता टाइडचं बघा, खरी गोम तिथे आहे. स्वच्छतेचे 6 लाख मोकळे वाटतात ना? स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पेक्षा लहान गावांना माणशी जास्तीत जास्त 60 रुपये घनकचऱ्याला आणि 280 रुपये सांडपाण्याला धरले आहेत. 3,800 माणसांचे झाले 12 लाख 92 हजार. त्यातला 70 टक्के वाटा योजनेचा आणि 30 टक्के पंचायतीने आयोगाच्या पैशातून घालायचा. म्हणजे पूर्ण आराखडा घेतला तर तुमचे पावणेचार लाखांहून जास्त त्यात गेले. योजना घेतली नाही तर तालुक्यातून विचारणा होते, कारण वर जिल्ह्याचं उद्दिष्ट असतं. आणि तुमच्या वाड्यांत सांडपाणी कुठे जातं? परसातल्या केळीला, नारळाला. तिथे सार्वजनिक शोषखड्डा कुणी मागितला होता?

पाण्याच्या 6 लाखांचंही तसंच. जलजीवनने पाइप, टाक्या, पंप दिले आणि चालवायचे पंचायतीने. 5 हॉर्सपॉवरचा पंप दिवसाला पाच तास चालला तर महिन्याला साडेपाचशे युनिटच्या वर जातो. युनिटला साडेपाच रुपये धरा, तीन हजार झाले. तुमच्या अकरा वाड्यांत असे आठ पंप असतील तर वर्षाला तीन लाखांच्या जवळ नुसतं वीज बिल. मोटार जळाली, केबल गेली तर ते वेगळं. हा सगळा खर्च टाइडच्या पाण्याच्या भागातून करायला परवानगी आहे आणि करावाच लागतो, नाहीतर कनेक्शन तुटतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की नुसत्या 60 टक्क्यांच्या अटीने पंचायतीचे हात बांधले जात नाहीत. केंद्राच्या योजना त्या 60 टक्क्यांवर दोन बाजूंनी हक्क सांगतात, एकदा वाटा म्हणून आणि नंतर दरवर्षी देखभाल म्हणून. 20 लाखांच्या पंचायतीत खऱ्या अर्थाने निवडीचे पैसे मोजले तर पाच-सहा लाखांच्या वर जात नाहीत.

झऱ्याचा मुद्दा मोठा आहे, तो संध्याकाळी लिहितो.

निपाणी_नाका | 5 नोव्हेंबर, सकाळी 10:31

आमच्या वॉर्डात तीन वर्षं रस्ता नाही. नगरसभेला पण हा पैसा येतो का? आमच्या नगरसेवकाकडे गेलो की ते "टाइड आहे, टाइड आहे" एवढंच सांगतात. तिथला अनटाइड कुणाकडे मागायचा?

तात्या_खानापूर | 5 नोव्हेंबर, दुपारी 1:15

निपाणीकर, शहरांचा पैसा वेगळा येतो, ग्रामपंचायतीच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. पण 10 लाखांपेक्षा लहान शहरांना वाटणी तशीच आहे, 60 आणि 40. तुम्ही नगरसभेत मंजूर क्रिया योजनेची प्रत मागा, त्यात कामाप्रमाणे लिहिलेलं असतं. इथे ताईंचा प्रश्न चालू दे, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.

भालकीकर | 5 नोव्हेंबर, दुपारी 3:40

मी बिदरकडचा, भालकी तालुक्यातला. माझं मत तात्यांपेक्षा वेगळं आहे, रागावू नये.

आमच्याकडे ओढा वाहतो तोच मुळी दोन महिने. उन्हाळ्यात टँकर, बोअर सातशे-आठशे फूट. चौदाव्या आयोगाच्या काळात, 2015 ते 20, सगळा पैसा ग्रामपंचायतीला आणि बहुतेक मोकळाच यायचा. आमच्या गावात त्या पाच वर्षांत काय झालं? काँक्रीट. चांगला असलेला रस्ता उकरून पुन्हा काँक्रीट, कारण त्यात ठेकेदार आणि सदस्य दोघांचंही भागतं. जुनी विहीर गाळाने भरलेली होती, ती उपसायला कुणी पैसा ठेवला नाही. पंधराव्या आयोगाने 30 टक्के पाण्याला बांधले तेव्हा पहिल्यांदा ती विहीर उपसली गेली आणि कठडा बांधला गेला. अट नसती तर झालं नसतं. अटीशिवाय पैसा म्हणजे ग्रामसभेची निवड, असं धरून चालू नका. आमच्याकडे ती चार जणांची निवड असते आणि पाणी भरणाऱ्या बायका त्या चारांत नसतात.

डोंगरवाट | 5 नोव्हेंबर, दुपारी 4:22

दादा, तुमचं पटतंय. पण तुमच्या गावाला जी अट बरोबर बसली ती आमच्या गावाला बसत नाही, हेच तर मी म्हणतेय. आमच्याकडे पाऊस एवढा की मोजायची सोय नाही. पाण्याची टंचाई एप्रिल-मे दोन महिने, तीही तीनच वाड्यांत. बाकीच्या आठांना रस्ता आणि साकव हवाय. भालकी आणि आमच्या जांबोटी भागाला एकच टक्केवारी कशी?

तात्या_खानापूर | 5 नोव्हेंबर, रात्री 8:30

भालकीकरांचा अनुभव खरा आहे आणि तो मी खोडणार नाही. मीही असली क्रिया योजना टाइप केलीय, ज्यात सगळे रस्ते आणि पाण्याला शून्य.

आता झऱ्याबद्दल. चंदगडकर म्हणतात की जलजीवनमध्ये बोअर आणि टाकीच करायचा नियम होता. तसा नियम नाही. माणशी दिवसाला 55 लिटर, चांगल्या प्रतीचं, घरात नळाने, हे उद्दिष्ट होतं. उगम कोणता, हे गावाने ठरवायचं. डोंगराळ भागात झऱ्यावरून उतारानं पाणी आणायला तर योजना उलट प्रोत्साहनच देते. कागदावर गाव पाणी-स्वच्छता समितीने आराखडा करायचा आणि ग्रामसभेने तो मंजूर करायचा.

मग झालं काय? आराखडा खरोखर होतो तो इंजिनिअरच्या टेबलावर. एका विभागात शेकडो वाड्या आणि मुदत ठरलेली. अशा वेळी एक नमुना अंदाजपत्रक तयार असतं, बोअर, पंपघर, टाकी, पाइपलाइन, मीटर. दरसूचीत या सगळ्याचे दर छापलेले असतात. त्यात लोकसंख्येचा आकडा बदलला की पुढची वाडी तयार. झऱ्याला मात्र सर्व्हे लागतो. उन्हाळ्यात किती लिटर पाणी येतं ते मे महिन्यात जाऊन मोजावं लागतं, उतार बघावा लागतो, झरा वनखात्याच्या जमिनीत असेल तर परवानगी लागते. हे करायला कुणाला वेळ नव्हता. समितीची सही नंतर घेतली गेली. आमच्या तालुक्यात कागद कन्नडमध्ये, केंद्राची मार्गसूची इंग्रजीत, आणि समितीत बसलेल्या बायका मराठी. त्यांनी काय वाचून सही केली असेल?

म्हणजे निवड नियमाने गेली नाही, अंदाजपत्रकात गेली. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की नियमाला शिव्या घालून काही मिळत नाही, पण पुढच्या कामात अंदाजपत्रक ग्रामसभेआधी मागता येतं.

अजून एक. या योजनेत कर्नाटकात केंद्राचा निम्मा आणि राज्याचा निम्मा वाटा. केंद्राचा पैसा सोडायचा नाही म्हणून राज्याला तेवढाच आपला पैसा त्याच कामाला बांधावा लागतो. पंचायतींना मोकळं शासनबद्ध अनुदान वाढवून द्या म्हटलं की राज्य म्हणतं पैसा नाही. तो कुठे गेला, तर वाट्यात. दिल्लीच्या अटीने दिल्लीचाच पैसा बांधला जातो असं नाही, बेंगळुरूचाही बांधला जातो, आणि शेवटी तुमचा.

जेई_निवृत्त | 6 नोव्हेंबर, सकाळी 6:48

तात्यांनी इंजिनिअरांवर टाकलंय, तेव्हा मला लिहायलाच हवं. मी पस्तीस वर्षं ज्युनिअर इंजिनिअर म्हणून काढली. एका माणसाकडे वीस-बावीस पंचायती, हाताखाली कुणी नाही. नमुना अंदाजपत्रक वापरलं नसतं तर अर्ध्या वाड्यांना आजही नळ नसता. झऱ्याचं पाणी बारमाही आहे, असं प्रत्येक गाव म्हणतं. मे महिन्यात जाऊन बादली लावली की कळतं. जांभ्या दगडाच्या पठारावर झरे मार्चनंतर झपाट्याने आटतात. 55 लिटर माणशी द्यायचं बंधन असताना मी अशा झऱ्यावर सही कशी करू?

साकवाबद्दल मात्र एक मार्ग सुचवतो. टाइडच्या पाण्याच्या भागात बंधारा घेता येतो, कारण पावसाचं पाणी अडवणं आणि मुरवणं त्यात बसतं. बंधाऱ्यावर चालण्याजोगा स्लॅब टाकला तर तोच साकव. आपल्या जिल्ह्यात नद्यांवर ब्रिज-कम-बंधारे आहेत, तेच लहान प्रमाणात.

डोंगरवाट | 6 नोव्हेंबर, सकाळी 9:05

सर, अगदी हेच आमचे पिडीओ हळू आवाजात म्हणाले होते! पण लगेच म्हणाले, "ऑडिटवाले विचारतील." तात्या, हे चालेल का? आणि स्वच्छतेचे 6 लाख पण यात वळवता येतील का? आमच्याकडे संडास सगळ्यांना झालेत, कचऱ्याची गाडी शेजारच्या पंचायतीबरोबर चालते.

तात्या_खानापूर | 6 नोव्हेंबर, दुपारी 12:40

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, वाट आहे. पाणी किंवा स्वच्छता यांतली एक गरज पूर्ण भागली असेल आणि तिथे पैशाची गरजच उरली नसेल, तर तो पैसा दुसऱ्या भागात वापरता येतो. त्यासाठी ग्रामसभेने तसं प्रमाणित करायचं आणि वरच्या कार्यालयाने त्याला दुजोरा द्यायचा. लक्षात घ्या, स्वच्छतेचा पैसा पाण्याकडे जातो, साकवाकडे नाही. आणि प्रमाणित करताना खरं असलं पाहिजे. एका वाडीत जरी चार घरांना संडास नसेल तर सही करू नका, पुढे तेच अंगावर येतं.

बंधाऱ्याचं सांगतो. ऑडिटमध्ये ते नाव बघत नाहीत, मोजमाप पुस्तक आणि अंदाजपत्रक बघतात. बंधाऱ्याच्या कामात किती पाणी अडणार, किती साठणार हे लिहिलेलं हवं आणि प्रत्यक्षात अडलेलं दिसलं पाहिजे. 12 लाखांच्या कामात 9 लाखांचा स्लॅब, खांब आणि जोडरस्ता आणि 3 लाखांची पाणी अडवायची भिंत असेल, तर तो साकवच आहे, त्याला बंधारा म्हटलंय एवढंच. तिथे आक्षेप येतो आणि वसुली पिडीओ आणि अध्यक्षांवर लागू शकते. म्हणून पिडीओ घाबरतात, त्यांना दोष देऊ नका.

मी असतो तर काम दोन भागांत दाखवलं असतं. बंधाऱ्याची भिंत, पाया, फळ्या टाइडमधून. वरचा स्लॅब, कठडा, दोन्ही काठांची पायवाट अनटाइडमधून. दोन वेगळी अंदाजपत्रकं, जागा एकच, मोजमाप वेगळं. ई-ग्रामस्वराजवर क्रिया योजना चढवताना दोन्ही कामं वेगळी घाला. एकदा योजना चढली की मधे बदलायची तर पुरवणी योजना करून पुन्हा ग्रामसभेपुढे जावं लागतं, म्हणून आत्ताच करा.

जेई_निवृत्त | 6 नोव्हेंबर, दुपारी 3:18

तात्यांची दोन भागांची कल्पना कागदावर चांगली आहे. जागेवर अडचण येते, ती सांगतो.

बंधाऱ्याला जागा हवी जिथे ओढा पसरट आहे, काठ बसके आहेत आणि मागे पाणी साठायला पोट आहे. साकवाला जागा हवी जिथे ओढा अरुंद आहे आणि दोन्ही काठ उंच आहेत, म्हणजे गाळा लहान पडतो आणि पुराचं पाणी खालून जातं. दोन्ही एकाच ठिकाणी क्वचितच जमतं. बंधाऱ्याच्या जागी साकव केला तर स्लॅब खाली राहतो, जुलैत पाणी त्याच्यावरून जातं आणि पोरं पुन्हा याच काठावर.

दुसरं, बंधाऱ्याला खांब जवळजवळ लागतात, कारण मधे फळ्या बसवायच्या असतात. तुमच्या भागात पुराबरोबर ओंडके येतात. ते त्या खांबांत अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि बाजूचा काठ फोडून ओढा नवी वाट काढतो. काम उभं राहतं आणि ओढा शेजारून वाहतो, असं मी खानापूर तालुक्यातच बघितलंय. फळ्या मेअखेर काढल्या नाहीत तर हे नक्की. त्या काढायच्या कुणी आणि ऑक्टोबरात बसवायच्या कुणी, हेही ठरवा.

तिसरं, तळ जांभ्याचा असेल तर पाणी भिंतीखालून पाझरून जातं. साठा दिसणार नाही. मुरलं म्हणून फायदा होतो, पण ऑडिटवाल्याला कोरडा बंधारा दाखवून मुरलंय हे पटवणं कठीण.

बेळगाव_वेशीवर | 6 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:02

आमची पंचायत शहराला चिकटून. लेआउट, दुकानं, गोडाऊन, त्यामुळे घरपट्टीच एवढी येते की आयोगाचा पैसा आला नाही तरी अडत नाही. आम्ही गेल्या वर्षी स्वनिधीतून मोरी बांधली, कुणाला विचारलं नाही, फक्त तांत्रिक मंजुरी घेतली. खरा मोकळा पैसा तोच. ताई, तुमची घरपट्टी-पाणीपट्टी किती वसूल होते ते आधी बघा. लोक पाणीपट्टी भरत नाहीत आणि टाइडमधून वीज बिल भरायला लागतं म्हणून ओरडतात, हे कसं?

डोंगरवाट | 6 नोव्हेंबर, रात्री 8:47

दादा, आमच्याकडे लेआउट नाहीत. घरं कौलारू, बरीच वडिलोपार्जित जागेत, कित्येकांची ई-स्वत्तूला, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदवहीत, नोंदच नाही. सगळी घरपट्टी शंभर टक्के वसूल केली तरी साकवाचे दोन खांब होणार नाहीत. पाणीपट्टीचं तुमचं बरोबर आहे, ती मी ग्रामसभेत मांडणार. पण ज्या वाडीत झरा होता आणि ज्यांनी बोअर नको म्हटलं होतं, ते विचारतात, "आम्ही मागितला नव्हता तो पंप, त्याचं बिल आम्ही का भरायचं?" त्यांना मी काय सांगू?

तात्या_खानापूर | 6 नोव्हेंबर, रात्री 9:33

त्यांना चुकीचं काही बोलू नका, कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्या वाडीत झऱ्यावर पाइप टाकून टाकीत उतारानं पाणी सोडलं आणि पंप फक्त एप्रिल-मेमध्ये चालवला, तर दहा महिन्यांचं बिल वाचतं. टाकी झऱ्याच्या खालच्या पातळीला आहे का, ते बघा. असेल तर पाइपलाइनचं काम टाइडच्या पाण्यात उघड बसतं, कुणाला लपवायचं कारण नाही. जेई सरांचा आक्षेपही यात सुटतो, उन्हाळ्यापुरती बोअर आहेच.

झरा वनजमिनीत असेल तर वन हक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पाणी साठवायची बांधकामं आणि रस्ते यांच्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पर्यंतच झाडं तोडायची मर्यादा आहे. साकवाच्या पायवाटेलाही हेच कलम बघा. मात्र जागा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव विभागाचा प्रश्न वेगळा येतो, ते आधी तपासा.

पूर्वी असल्या कामाला जिल्हा पंचायत सदस्याकडे जाता यायचं. 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत 2021 ला संपली आणि त्यानंतर निवडणूकच नाही. तालुका आणि जिल्हा पंचायतीत आज अधिकारीच आहेत. मोठ्या साकवाला पैसा मिळायची ती मधली पायरीच गेली आणि सगळा भार 20 लाखांच्या पंचायतीवर आला. यावर इथे फार कमी बोललं जातं.

चंदगडकर | 6 नोव्हेंबर, रात्री 10:10

मी अजूनही म्हणतो, एवढं फिरवाफिरवी करण्यापेक्षा दहा सदस्यांना एका खोलीत बसवा. दोन वर्षांचा अबंधित एकत्र केला तर अकरा लाख होतात.

तात्या_खानापूर | 6 नोव्हेंबर, रात्री 10:25

होतात. पण पहिल्या वर्षाचा खर्च झाला नाही की खात्यात शिल्लक दिसते आणि तालुक्यातून खर्च करा म्हणून तगादा सुरू होतो. शिवाय पंधराव्या आयोगाची मुदत मार्च 2026 ला संपते. त्यापेक्षा एका वर्षी पाया आणि खांब, दुसऱ्या वर्षी स्लॅब, असं एकच काम दोन टप्प्यांत घ्या आणि दोन्ही टप्पे आत्ताच ठरावात लिहा. नऊ सदस्य दुसऱ्या वर्षी फिरले तर ठराव दाखवता येतो. तरी फिरतील का, ते मी सांगू शकत नाही.

भालकीकर | 7 नोव्हेंबर, सकाळी 8:15

नऊ जणांपैकी बायका किती आहेत? पोरं शाळेत पोचवायचा प्रश्न त्यांचा आहे. त्यांना आधी भेटा.

डोंगरवाट | 7 नोव्हेंबर, दुपारी 2:30

पाच बायका, मला धरून. तिघींशी बोलले. दोघी तयार आहेत, पण एकीचा नवरा ठेकेदारी करतो, तो काँक्रीट सोडायला तयार नाही.

जेई सर, आज ओढ्यावर जाऊन आले. बायका जिथे ओंडके टाकतात तिथे काठापासून काठ दोरीने मोजलं, साधारण 11 मीटर. काठ दोन्हीकडे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. वर 200 मीटरवर ओढा पसरतो, तिथे भातखाचरं आहेत. बंधारा तिथे घातला तर खाचरात पाणी जाईल का?

जेई_निवृत्त | 7 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:10

11 मीटर आणि उंच काठ म्हणजे तो साकवाचा गाळा आहे, बंधाऱ्याचा नाही. तिथे मधे खांब न घालता दोन काठांवर आधार देऊन जमू शकेल, ओंडक्यांचा त्रासही कमी. वरच्या खाचराजवळ बंधारा मी सुचवणार नाही, तिथल्या शेतकऱ्याचं नुकसान होईल आणि तो पहिल्याच ग्रामसभेत उठेल. म्हणजे टाइडचा मार्ग तुमच्या जागेला लागू पडत नाही, अनटाइडच बघावा लागेल.

अंदाज सांगण्याआधी मला दोन गोष्टी हव्यात. यंदाच्या पुराची खूण काठावर किंवा झाडाच्या बुंध्यावर कुठपर्यंत आहे ती तळापासून मोजा, गाळाची रेघ किंवा अडकलेलं गवत दिसेल. आणि दोन्ही काठांवर दोन-दोन फूट खणून खाली काय लागतं ते बघा, जांभा की माती. माती निघाली तर पायाचा खर्च वाढतो आणि मग साडेपाच लाखांच्या दोन टप्प्यांत बसेल का, हे बघावं लागेल.

डोंगरवाट | 7 नोव्हेंबर, रात्री 8:55

रविवारी खणून बघते. ग्रामसभा 22 तारखेला लागलीय. पिडीओंकडून साकव आणि झऱ्याची पाइपलाइन या दोन्ही कामांचं कच्चं अंदाजपत्रक त्याआधी मराठीत वाचून दाखवायला मागितलंय, त्यांनी हो म्हटलंय.